कॅनमधलं डिझेल

मच्छीमार संस्थेचा पिकअप शालिकराम अकरा वर्षं चालवत होता. मुलचेऱ्याकडच्या तलावांवरची मासळी बर्फात दाबून चंद्रपूरच्या बाजारात पोचवायची, हे त्याचं काम. एकदा जंगलातल्या रस्त्यात डिझेल संपलं, पाइपात हवा धरली, गाडी चार तास उभी राहिली आणि अर्धी मासळी फेकावी लागली. तेव्हापासून दहा लिटरचा कॅन भरून सोबत ठेवल्याशिवाय तो निघत नसे.

नोंदी मोबाइलवर ठेवायच्या असं संस्थेनं ठरवलं, तेव्हा त्याच्या मुलीनं, रश्मीनं, त्याला एक अ‍ॅप टाकून दिलं. गोंडपिपरीच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली ही मुलगी. गाडीत जे पडेल ते लिहायचं, एवढं तिनं सांगितलं आणि त्यानं ते इमानानं पाळलं.

महिन्याभरानं अध्यक्ष वामनरावांनी त्या नोंदींचे स्क्रीनशॉट मागवून घेतले आणि स्वतःच हिशोब मांडला. गाडी चालली बाराशे किलोमीटर आणि डिझेल लागलं एकशे साठ लिटर. म्हणजे लिटरला साडेसात. पूर्वी हीच गाडी बारा द्यायची. रविवारच्या बैठकीत दुसरा चालक बघायचा विषय निघणार होता. डिझेल कुठं जातं, हे कोणी तोंडानं बोललं नाही, पण बोलल्यासारखंच झालं.

शालिकरामला अपमानापेक्षा कोडंच मोठं वाटत होतं. चढावर गाडी कशी ओढते, हे त्याच्या पायाला कळत होतं, आणि साडेसातची गाडी अशी ओढत नाही. जेवण झाल्यावर त्यानं मोबाइल रश्मीसमोर ठेवला.

"पाह्य बरं. मले तं काई समजून नाई राह्यलं."

तिनं सहा नोंदी वहीत उतरवल्या. पहिली, ४८,२१० किलोमीटरवर टाकी फुल, चाळीस लिटर. शेवटची, ४९,४१० वर पुन्हा फुल.

"बाबा, हे पयले चाळीस लिटर धरायचेच नाई," ती म्हणाली. "टाकी भरली तिथून मोजणं सुरू. मंग पुन्हा भरेपर्यंत जेवढं टाकलं, तेवढंच जळलं."

चाळीस गेले, उरले एकशे वीस. बाराशेला एकशे वीसनं भागलं की दहा. अ‍ॅपही दहाच दाखवत होतं. साडेसातपेक्षा बरं, पण बारा नाही. लिटरमागे दोन किलोमीटर अजून गायबच होते.

रश्मी स्क्रीनशॉट बोटांनी मोठा करून पाहू लागली. पहिलीनंतर पंपावरच्या नोंदी चौतीस, पस्तीस आणि एकतीस लिटरच्या, भाव ब्याण्णव रुपये. मधे दोन नोंदी दहा-दहा लिटरच्या, आणि त्यांच्यापुढे रुपये शून्य.

"हे फुकटचं डिझेल कोणं देलं तुमाले?"

"फुकट काऊन? कॅनमधलं व्हय ते. टाकीत ओतलं, मून लिवलं. पैसे तं पंपावरच देलते."

"पंपाच्या बिलात कॅन होता का?"

"त्याच बिलात. टाकी आन् कॅन, दोन्ही."

तिनं पेन खाली ठेवला. एकच डिझेल दोनदा लिहिलं गेलं होतं. एकदा विकत घेताना, एकदा ओतताना. पण वीस लिटर खोडण्याआधी तिनं आणखी एक विचारलं. पहिल्या दिवशी कॅन भरलेला होता का, आणि शेवटच्या दिवशी?

"दोन्ही टायमाले भरेलच. रिकामा मी ठेवतच नाई."

मग हिशोब जुळला. कॅन सुरुवातीला जेवढा भरलेला, तेवढाच शेवटीही, म्हणजे त्याचं वेगळं काही धरायचं नव्हतं. पहिल्यानंतरच्या तीन पंपबिलांतलं शंभर लिटर तेवढं जळलं. बाराशे भागिले शंभर, बारा. डिझेलचे नऊ हजार दोनशे रुपये, म्हणजे किलोमीटरला सात रुपये सदुसष्ट पैसे. पाच हजारांची सर्व्हिसिंग वामनरावांनी याच महिन्यावर टाकली होती, पण ती दहा हजार किलोमीटर पुरते. तिचे पन्नास पैसे धरून आठ रुपये सतरा पैसे. टायर आणि विमा यात नाहीत, असं रश्मीनं खाली मुद्दाम लिहिलं.

शालिकरामनं कागद दोनदा वाचला. "दोनदा लिवलं मीच," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख कमी आणि नवल जास्त होतं.

रविवारी बैठकीत त्यानं ते तसंच सांगितलं, आपली चूक आधी. वामनरावांनी कागद डोळ्यांजवळ धरला, मग आपल्या मोबाइलमध्ये शून्य रुपयांच्या ओळी शोधल्या.

"आन् मी पयले चाळीस धरले," ते शेवटी म्हणाले. "आपण दोघंबी सारखेच, शालिक. पण एकडाव माझ्यासमोर टाकी भरून दाखव."

शालिकरामनं टाकी त्यांच्यासमोर भरली, बाजाराच्या दोन खेपा केल्या, परत येऊन त्याच पंपावर पुन्हा भरली. कॅनला हात लागला नव्हता. तीनशे बहात्तर किलोमीटर, एकतीस लिटर. वामनरावांनी बोटांवर मोजलं, मोबाइलवर मोजलं, बाराच आले, आणि चालकाचा विषय बैठकीच्या वहीतून खोडला.

 घरी आल्या आल्या शालिकरामनं रश्मीला विचारलं, "बर्फ भरून जातानी किती देते अन् रिकामी येतानी किती, हे वेगवेगळं काढता येते का?"




"येते," ती म्हणाली. "पण चंद्रपुरातबी टाकी फुल करा लागन."