गठ्ठ्यात गेलेली हजेरीवही

घाटकोपरच्या आमच्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रात गठ्ठे दाबायचं मशीन आलं आणि शकुताई हवेतच चालायला लागली. वीस वर्षं खांद्यावर गोणी घेऊन कागद वेचलेली बाई. आता बटण दाबणार! बचत गटात आम्ही दहा जणी. मी वजन करते, चेतना हजेरी लिहिते, बाकीच्या कचरा वेगळा करतात. विक्रीतून खर्च वजा करून पैसे हजेरीप्रमाणे वाटतो.

वाटपाच्या दिवशी चेतना किंचाळली, "हजेरीवही कुठाय?"

शकुताई हळूच गठ्ठ्याकडे बघायला लागली. "कचरा वेगळा करायच्या टेबलावर कागद दिसला, घातला मशीनमध्ये! मग ते टेबल कशासाठी असतं गं?"

हसून हसून आमची वाट लागली. पट्ट्या कापल्या, गठ्ठा फुटला, दहा जणी गुडघाभर कागदात. शेवटी वही शकुताईलाच सापडली. पापडासारखी चपटी, पण अक्षर न् अक्षर शाबूत! तिने ती डोक्यावर धरून नाचवली, आम्ही टाळ्या पिटल्या.

टाळ्या थांबायच्या आत तिने सवयीने वहीचं प्लास्टिकचं कव्हर ओढून प्लास्टिकच्या पोत्यात टाकलं, पुठ्ठा फाडून पुठ्ठ्यात, आणि पानं पुन्हा मशीनमध्ये.