‘चला तर मग’ झाल्यावरची वीस मिनिटं

माणसं एवढं बोलतात कशाला, हा प्रश्न तिला लग्नाच्या आधीपासून पडलेला होता. नवरा बाजारातून आला की कुठली गल्ली धरली, तिथे कोण भेटला, त्याच्या मेहुण्याचं काय झालं असं सगळं उगाळत बसायचा आणि ही हातातली पिशवी घेऊन विचारायची, “मुद्दा काय? मिळालं की नाही मिळालं?” नणंदेचा पाऊण तासाचा फोन ती सासूबाईंना एका वाक्यात सांगायची: “बऱ्या आहेत, रविवारी येतायत, जावयांशी बोलत नाहीत.” सासूबाईंना ते अपुरं वाटायचं, म्हणून त्या स्वतः पुन्हा फोन लावायच्या. हिने त्यांनाही मनातल्या मनात पाल्हाळिकांच्या यादीत टाकून दिलं होतं.

अशा बाईला नशिबाने नोकरीही तशीच मिळाली. आधी लघुलिपीत श्रुतलेखन घ्यायची, मग बैठकांचं इतिवृत्त लिहायची. आता केसांत रुपेरी बट आल्यावर ती रुग्णालयांना संगणक प्रणाली पुरवणाऱ्या एका कंपनीत होती आणि तिचं खरं काम एकच होतं. दर मंगळवारी टीमची तासाभराची मीटिंग व्हायची, यंत्र तिचं शब्दन् शब्द लिहून काढायचं, आणि त्या पंचवीस-तीस पानी चऱ्हाटाच्या ती पाच ओळी करायची. पाचच. सहावी ओळ म्हणजे लिहिणाऱ्याला काही कळलेलं नाही, असं तिचं मत होतं आणि ते ती कुणालाही ऐकवायची. ऑफिसात तिला ताई म्हणत. पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्या मंगळवारी साहेब मीटिंगला नव्हते. दाढेचं काम निघालं होतं, आणि तिथून ते तोंड सुजलेल्या अवस्थेत थेट रुग्णालयाच्या विश्वस्तांकडे जाणार होते. दुपारी तीनला. येत्या सोमवारपासून त्या रुग्णालयाचा सगळा कारभार जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर जायचा होता आणि साहेब विश्वस्तांना जे सांगतील ते हिच्या पाच ओळींवरून सांगणार होते. “ताई, मला काही वाचायला वेळ नाही,” त्यांनी फोनवर गालात बोळा असल्यासारखं सांगितलं, “तुम्ही पाठवाल तेच मी बोलणार.”

यात विशेष काही नव्हतं. तिने ट्रान्सक्रिप्ट उघडलं.

आता ते ट्रान्सक्रिप्ट म्हणजे काय, हेही सांगायला हवं. घरून बोलणाऱ्यांची नावं यंत्र नीट लिहायचं, पण मोठ्या खोलीत एकाच माइकभोवती बसलेली नऊ माणसं त्याला एकच वाटायची. सगळ्यांच्या तोंडचं सगळं ‘मीटिंग रूम २’च्या नावावर. त्यामुळे मीटिंग रूम २ स्वतःलाच प्रश्न विचारी, स्वतःवरच चिडे, आणि मग स्वतःलाच चहा सांगे. या गोंधळातून कोण काय बोललं हे केवळ बोलण्याच्या ढबीवरून ओळखण्यात ताईचा हातखंडा होता. टीमचा प्रमुख तर आंधळ्यालाही दिसला असता, कारण त्याचं प्रत्येक वाक्य ‘मुळात’ने सुरू होई. ताईने त्याचं नावच ‘मुळात’ ठेवलं होतं. पहिल्या अठरा मिनिटांत त्याने ‘मुळात आपलं धोरण काय’ हे तीनदा सांगितलं, तेही तीन वेगळ्या तऱ्हांनी, आणि तीनही वेळा धोरण कळलं नाही. ताईने ती सहा पानं एका झटक्यात उडवली. प्रशिक्षणवालीने शनिवारच्या खुर्च्यांचा प्रश्न काढला, त्यावर नऊ मिनिटं. उडवली. कुणीतरी मधेच विनोद केला होता. यंत्राने तो कंसात ‘हशा’ असा नोंदला होता. विनोदही फालतूच होता.

बेचाळिसाव्या मिनिटाला ‘मुळात’ म्हणाला, “चला तर मग.” ताईने तिथे नेहमीप्रमाणे रेघ मारली. ‘चला तर मग’ झाल्यावर या लोकांचं पुढची वीस मिनिटं उभ्या-उभ्या काय चालतं हे तिला पाठ होतं. एसी, पार्किंग, कुणाच्या वाढदिवसाचा केक. ते वाचण्यात आयुष्य घालवायला ती काही रिकामटेकडी नव्हती. दोन वर्षं ती त्या रेघेच्या पलीकडे गेली नव्हती.

सव्वा वाजता तिने साहेबांना पाठवलं:

नवी प्रणाली सोमवारी सकाळी आठला सुरू. पक्कं.
प्रशिक्षण शनिवारी, दोन तुकड्यांत. जबाबदारी प्रशिक्षण विभागाची.
पावतीचा नमुना रुग्णालयाने शुक्रवारपर्यंत मंजूर करायचा आहे.
जुन्या रुग्णनोंदी नव्या प्रणालीत आणण्याची चाचणी चालू. अडचण नाही.
तुमच्याकडून हवं: सोमवारी दोन माणसं तिथे बसवायला परवानगी.

मग ती समाधानाने डबा खाऊन आली.

दोन वीसला तपासणीचे काका तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पन्नाशीचा हा माणूस नव्या प्रणालीत चुका शोधायच्या कामावर होता. आवाज इतका खालचा आणि बोलणं इतकं संथ, की त्यांचं वाक्य संपेपर्यंत दुसरा कुणीतरी स्वतःचं सुरू करून संपवतही असे. ताई त्यांना फारसं मोजत नसे.

“ताई, ते... साहेबांना जे गेलं, त्यात माझं आलं का?”

“तुमचं काय? तुम्ही बोललातच कुठे?”

“बोललो ना. उठता-उठता. ते ॲलर्जीचं.”

“काका, मीटिंगमध्ये बोलायचं असतं,” ताई म्हणाली. “खुर्च्या सरकवताना नाही.”

काकांनी मान डोलावली. गेले मात्र नाहीत. कुणी असं नुसतं उभं राहिलं की ताईच्या डोक्यात जात असे. त्यांना गप्प करायलाच तिने ट्रान्सक्रिप्ट पुन्हा उघडलं आणि रेघेच्या खाली गेली. एसी. केक. केक कुणी आणायचा. आणि सत्तावन्नाव्या मिनिटाला मीटिंग रूम २ म्हणत होती: ‘जुन्यात ॲलर्जी शेऱ्यात लिहायचे. ते शेरे नव्यात येतच नाहीत. तीनशे बारा पेशंट. रकाना कोरा दिसतो.’ त्यावर मीटिंग रूम २: ‘मुळात मग सोमवार जड जाईल. बघू.’ आणि लगेच मीटिंग रूम २: ‘बिनअंड्याचा आणा हां.’

ताईने ते दोनदा वाचलं. “कोरा दिसतो म्हणजे?”

“म्हणजे डॉक्टरला वाटणार, या पेशंटला कसलीच ॲलर्जी नाही,” काका म्हणाले. “आणि ज्याला ते इंजेक्शन चालत नाही, त्यालाच देऊन बसणार.”

ताईने स्वतःची चौथी ओळ उघडली. ‘अडचण नाही’ हे दोन शब्द कुणीच उच्चारले नव्हते. ‘मुळात’ फक्त ‘नोंदींचं होतंय’ म्हणाला होता. बाकीचं तिने स्वतः, ओळ नेटकी दिसावी म्हणून लिहिलं होतं.

तिने साहेबांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मग नव्याने लिहिलं, या वेळी पाच ओळींचं भान सोडून: सोमवारी सुरू करू नका. आधीची चौथी ओळ चूक आहे. तीनशे बारा रुग्णांची औषधांची ॲलर्जी नव्या प्रणालीत कोरी दिसते, ती भरून तपासल्याशिवाय एकही रुग्ण नव्यावर नको. तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा तीनला दहा कमी होती आणि साहेब विश्वस्तांच्या दाराबाहेर बसले होते.

“वाचलं,” ते म्हणाले. “मघाचं पाठ करून बसलो होतो.” आणि फोन ठेवला.

‘मुळात’ला तिने हे सांगितलं तेव्हा त्याने आधी घड्याळ बघितलं, मग खिडकीबाहेर. “मुळात मी सोमवार जड जाईल असं म्हटलंच होतं,” तो म्हणाला. “रेकॉर्डवर आहे.”

“आहे. केकच्या आधी,” ताई म्हणाली.

साडेतीनला साहेबांचा फोन आला. सोमवार रद्द झाला होता. विश्वस्त चिडले होते, पण जुन्या प्रणालीवरच चालू ठेवायला तयार होते. फक्त त्यांना एक गोष्ट लेखी हवी होती. “हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे, असं विचारतायत,” साहेब म्हणाले. “मी इथेच बसलोय. बघून सांगा.”

‘मुळात’ शेजारीच उभा होता. त्याने हाताने खूण केली आणि कुजबुजला, “आज. आजच कळलं म्हणा. मुळात आजच तर चर्चा झाली.”

पटण्यासारखं होतं. तरीही ताईने मागच्या मंगळवारचं ट्रान्सक्रिप्ट उघडलं. खरं तर ‘मुळात’ला खोटं पाडायला. पहिल्या चाळीस मिनिटांत काही नव्हतं. ‘चला तर मग’. रेघ. पार्किंग. आणि खाली तोच संथ माणूस: ‘ते ॲलर्जीचे शेरे दिसत नाहीयेत, जरा बघायला हवं.’ कुणी उत्तर दिलं नव्हतं. तिने त्याच्या आधीचा मंगळवार उघडला. तिथेही होतं, साठाव्या मिनिटाला, आणि त्यात हेही होतं: ‘मघाशी सांगणार होतो, पण वेळ मिळाला नाही.’ तिने वर जाऊन शोधलं. अकराव्या मिनिटाला मीटिंग रूम २ने ‘ते शेरे’ एवढंच म्हटलं होतं, आणि पुढची ओळ होती, ‘मुळात आपलं धोरण.’

तीन मंगळवार तो माणूस सगळे उठायची वाट बघून बोलत होता, कारण त्याआधी त्याला कुणी बोलू देत नव्हतं. आणि बोललेलं सगळं यंत्राने इमानेइतबारे लिहून ठेवलं होतं. या इमारतीत ते वाचायचा पगार एकाच व्यक्तीला मिळत होता. काका अजून तिथेच, टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. तिला त्यांच्याकडे बघवेना. स्वतःची शरम वाटली, चांगलीच वाटली.

“ताई? आहात ना?” साहेब म्हणाले. “काय सांगू त्यांना? आज?”

‘मुळात’ जोरजोरात मान डोलावत होता.

“नाही,” ताई म्हणाली. “दोन आठवडे.”

“दोन आठवडे?” साहेब म्हणाले. “आणि तपासणीच्या काकांनी सांगितलं नाही?”

“सांगितलं. तिन्ही वेळा सांगितलं.”

“मग मला कसं कळलं नाही?”

“मी वाचलं नाही म्हणून,” ताई म्हणाली. “तेच लिहा.”