वाकलेली प्लेट आणि चोवीस तारीख

समस्त सज्जनांना अत्यंत दुःखी अंतःकरणाने कळवण्यात येतं की सांवेर रोडवरच्या आमच्या वर्कशॉपात एक लोखंडी प्लेट वाकली. किती? केसाएवढी. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटाला लागत नव्हती, पण त्या केसाला आम्ही पाच माणसं लटकलेली होतो.

पाच म्हणजे मी, दादा आणि मिलमधून सुटलेले तिघे फिटर. 'सुटलेले' हा आमच्याकडचा शब्द. खरं तर मिलच सुटली होती, माणसं तिथंच राहिली. कित्येक जण गेट बंद झाल्यावरही रोज सकाळी डबा घेऊन गेटासमोर जाऊन बसायचे आणि भोंग्याच्या वेळेला घरी परतायचे. भोंगा वाजत नसे, तरी त्यांना वेळ बरोबर कळायची. दादा त्याच मिलमध्ये फोरमन होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, नात्याचे नव्हेत, पण इंदूरच्या आमच्या मराठी गल्लीत सगळेच त्यांना दादा म्हणत. आम्ही दोघांनी मिळून शेड घेतली होती, आणि हे दुसरं गेट बंद होताना बघायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा नव्या कंपन्या पिथमपूरकडे येत होत्या. त्यातल्या एकीने आम्हाला जिगची ऑर्डर दिली. जिग म्हणजे ड्रिलने भोक नेमकं कुठे पाडायचं ते दाखवणारा लोखंडी साचा. त्याचं एक भोक चुकलं की त्यावरून निघणारं प्रत्येक गिअरबॉक्सचं झाकण चुकतं. माल दहा तारखेला द्यायचा होता. हा एक जिग नीट गेला तर पुढची कामं येणार होती. नाही गेला तर शेडचा मालक कुलूप घेऊन तयारच होता.

आणि प्लेट वाकली. कारण साधं होतं. रफ काम झाल्यावर प्लेट भट्टीत तापवून, हळूहळू थंड करून तिच्यातला ताण काढायचा असतो. आम्ही घाई केली, तो टप्पा गाळला आणि थेट भोकं पाडून आणली. प्लेटने मग सवडीने अंग मोडलं. नवीन प्लेट कापणं, भट्टी, मग भोकांसाठी दुसऱ्याच्या बोरिंग मशीनवर नंबर लावणं, त्यात दर आठवड्याची वीजकपात. दहा तारीख गेलीच म्हणायची.

आता सांवेर रोडवर अशा वेळी काय करायचं याची एक प्राचीन परंपरा आहे. माल ट्रकात चढतो. ट्रक घाटात बिघडतो. मग घरात कोणी तरी मरतं. शेजारच्या शेडवाल्याची मावशी दिवाळी ते होळी तीनदा वारली होती आणि तरी उन्हाळ्यात लोणचं घालायला हजर होती.

"दादा, आपण पण मावशी काढू," मी म्हटलं.

"तुझी काढ. माझ्याकडे मावशी नाही," ते म्हणाले. "जे झालं ते लिहायचं. साहेब पुण्याचा आहे, आपला माणूस. मराठीतच लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं. प्लेट आमच्या चुकीने वाकली, ताण काढला नव्हता. नवीन प्लेट भट्टीत आहे. बोरिंगला नंबर अमुक दिवशी. आपली ट्रायल सव्वीसला आहे हे ठाऊक आहे, म्हणून चोवीस तारीख मागतो, त्याच्या आत म्हणणं खोटं होईल. मी वाचलं, मला सुरेख वाटलं. दहा तारखेच्या बऱ्याच आधी टपालात टाकलं.

त्याच संध्याकाळी वहिनी गेल्या.

दादांची बायको. आधी ताप आला, कावीळ झाली, आणि मग सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या खाटेवरच सगळं संपलं. मुलगा नव्हता, म्हणून क्रियाकर्म दादांनीच केलं, मुंडण त्यांचंच झालं. दहाव्याचे विधी उरकून कृष्णपुऱ्याच्या नदीवरून परतताना मी हळूच म्हटलं, "दादा, आता तर खोटं पण नाही. साहेबाला फोन करून सांगू का?"

"नको."

"अहो पण—"

"मी घरी बसलो तेव्हा प्लेट भट्टीतच होती. माझ्यामुळे काही अडलेलं नाही. उगीच तिला मध्ये कशाला आणायचं?"

नदीला तेव्हा वास यायचा, आम्ही दोघं नाक धरून चालत होतो.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला पिथमपूरला बोलावणं आलं. दादांनी डोक्यावर टोपी चढवली, जुनी वाकलेली प्लेट पोत्यात गुंडाळली आणि आम्ही टेम्पोत बसलो.

साहेब तिशीतला, कडक इस्त्रीचा, आणि चेहरा त्याहून कडक. समोर दादांचं पत्र. एका ओळीखाली लाल रेघ.

"हे काय आहे?" त्याने वाचून दाखवलं, "'चोवीस तारखेला जिग देण्याची आम्ही पूर्ण चेष्टा करू.' तुम्ही माझी चेष्टा करणार? तीही पूर्ण? आणि लेखी कळवता?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघू लागलो. चेष्टा म्हणजे कोशिश. आमच्या घरात, गल्लीत, शाळेत पोरं पास होण्याची चेष्टा करत आणि मास्तर त्यांना शाबासकी देत. त्यात हसण्यासारखं काय आहे ते आम्हाला कधी कळलंच नव्हतं.

"साहेब, चेष्टा म्हणजे प्रयत्न," दादा म्हणाले. "हिंदीतला आहे. आमच्याकडे दोन्ही एकाच ताटात जेवतात."

ऑर्डर दुसरीकडे द्यायची चिठ्ठी टाइप होऊन टेबलावरच पडली होती, मला उलटी वाचता येत होती. दादांनी पोतं सोडलं. "लिहिलं ते खरं आहे का बघा."

तपासणीच्या खोलीत सपाट दगडी टेबलावर प्लेट ठेवली. साहेबाने वरून डायलचा काटा फिरवला. मध्यावर काटा हलला, चांगलाच हलला. साहेबाने तो पुन्हा फिरवून बघितला.

"वाकलीये," तो म्हणाला. "भट्टी चुकली."

"हो साहेब, आम्हीच चुकवली."

"चोवीस म्हणजे चोवीस. उशिराबद्दल बिलातून कपात होईल, ते माझ्या हातात नाही. पंचवीसला आणलात तर परत न्यावा लागेल."

"चोवीस," दादा म्हणाले.

साहेबाने टाइप केलेली चिठ्ठी दुमडून खिशात घातली आणि पहिल्यांदा हसला. "खरं सांगू, इथं आल्यापासून उशीर करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कोणी तरी मेलंय. तुमचं पहिलंच पत्र आलं ज्यात कोणी मेलेलं नाही. वाचून बरं वाटलं."

मी छताकडे बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. दादा प्लेट पोत्यात बांधत होते, घामाने निथळले होते. त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

साहेबाचं लक्ष त्यांच्या डोक्याकडे गेलं. केसांचे नुसते खुंट होते. त्याचं हसू गेलं.

"कोण?" त्याने मला विचारलं.

"वहिनी," मी म्हटलं. "यांची बायको. आत्ताच तेरावं झालं."

"अहो, मग हे लिहायचं नाही का," साहेब म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "एवढं मोठं कारण होतं."

दादांनी सुतळीची गाठ आवळली, आणि मान वर न करता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "प्लेट काय तिच्यामुळे वाकली होती का, साहेब."