नर्सबाईंचा पगार आणि उदगीरचा प्लॉट

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी उदगीरच्या शाखेत कर्ज विभाग बघत होते. गावात दोनच विषय होते, टँकर आणि जिल्हा. उदगीर आज जिल्हा होणार, उद्या होणार म्हणत लोक गावाबाहेरच्या मुरमाड रानात प्लॉट धरत होते.

एक जोडपं प्लॉटसाठी पगारावर कर्ज मागायला आलं. बाई आरोग्य उपकेंद्रात नर्स, पगार आमच्याच शाखेत. नवरा काहीच करत नव्हता, पण बोलणं सगळं त्याचंच. प्लॉटचा एजंट शेजारी खुर्ची ओढून बसला. त्याचे टँकरही चालत.

"मॅडम, पाण्याची लई अडचण हाय ना? सांजच्याला घरी एक टँकर धाडतो."

घरी चार दिवसांचे कपडे भिजवायचे राहिले होते. तरी त्याच्या टँकरचं पाणी मला घ्यायचं नव्हतं. नको म्हणाले आणि सहा महिन्यांचा खातेउतारा काढून बसले.

आधी पगारपत्रकातली हातात येणारी रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम जुळवली. जुळली. एका महिन्यात जमा जास्त दिसत होती, पण तो महागाई भत्त्याचा फरक होता, दर महिन्याला येणारा नाही. तो सोडला. अर्जाच्या आधीच्या आठवड्यात कुणीतरी रोख मोठी रक्कम भरून ठेवली होती, शिल्लक फुगून दिसावी म्हणून. ते काही उत्पन्न नव्हे. तीही सोडली.

मग खर्चाची बाजू. पगार जमा झाला की दोन दिवसांत एटीएममधून दिवसाची मर्यादा गाठून पैसे काढलेले, खात्यात थोडेच उरलेले. दर महिन्याच्या सात तारखेला एका फायनान्स कंपनीचा हप्ता जात होता आणि दोनदा शिल्लक नसल्यानं परत गेला होता, दंडासकट. अर्जात 'इतर कर्ज नाही' असं लिहिलं होतं. बाईंच्या नावाच्या कर्ज-अहवालातही काही नव्हतं. म्हणजे कर्ज दुसऱ्याचं, हप्ता हिच्या पगारातून.

आमच्याकडे जुने नवे सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यावर जाऊ देत नसत. पतसंस्थेची कपात पगारातूनच होत होती, ती धरली, हा हप्ता धरला, तर नव्या कर्जाला जागा जवळजवळ नव्हतीच. आणि आहे तोच हप्ता परत जातोय, तिथे दुसरा कुठून येणार?

मी बाईंनाच विचारलं, "हा सात तारखेचा हप्ता कशाचा?"

"तिला काय माहीत असतंय," नवरा म्हणाला. "मला विचारा की."

"खातं त्यांचं आहे. तुम्ही दोघं जरा बाहेर बसा."

एजंट हसत उठला. नवरा उठताना बायकोकडे डोळे वटारून बघून गेला.

मी कागद बाईंकडे फिरवला. बराच वेळ त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचलं.

"ह्यो लातूरचा एटीएम हाय. त्या दिवशी मी लसीकरणात होते."

"कार्ड कुणाकडे असतं?"

"त्यांच्याकडंच. मेसेजबी त्यांच्याच मोबाइलवर जातेत." मग हप्त्याच्या ओळीवर थांबून म्हणाल्या, "ही गाडीची कंपनी हाय ना? गाडी तर मित्राची म्हणत होते. मी सही केली ती गॅसच्या कनेक्शनचा कागद म्हणून."

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

"मॅडम, अर्ज माघारी घेता येतो का?"

"येतो."

"आणि नवं कार्ड? माझ्या नंबरवर?"

दोन्ही अर्ज त्यांनी तिथंच लिहून दिले. गाडीचा हप्ता खात्यातून बंद करण्याचाही तिसरा लिहिला. बाहेर नवऱ्याला कळलं तेव्हा तो काउंटरपाशी येऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझं घर मोडायलात." मग बायकोला, "चल, घरी बघतो तुला."

"मी ड्युटीवर चालले," बाई म्हणाल्या आणि त्याच्या पुढून निघून गेल्या.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पगारदार गिऱ्हाईक हातचं घालवलं, मार्चचं टार्गेट आधीच बुडालंय, उताऱ्यात एवढं खोदायची गरज काय, असं सगळं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरासमोर त्याच एजंटचा टँकर पाइप सोडून उभा होता. साहेब लुंगीवर उभं राहून हौद भरून घेत होते. मला बघून त्यांनी हात हलवला. मी मान वळवून पुढे गेले.

पुढच्या महिन्यापासून त्या बाई पगाराच्या दिवशी स्वतः येत. लागेल तेवढे काढत, बाकीचे खात्यातच ठेवत. दोन महिन्यांनी फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली. नवरा बँकेच्या पायरीवर बसून राही, बाई बाहेर आल्या की पैसे मागे, आणि त्या त्याला रिक्षाभाड्यापुरते देऊन बसस्टँडकडे चालू लागत.