सहभागी क्रमांक चार

कपाट आवरताना परवा बीएच्या दुसऱ्या वर्षाची मानसशास्त्राची प्रॅक्टिकल फाइल सापडली. आवरणं तिथेच राहिलं आणि मी फरशीवर बसून वाचत सुटले.

तेव्हा आम्ही देशाच्या राजधानीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. कॉलेजात स्ट्रूप चाचणीचा प्रयोग होता. रंगांची नावं वेगळ्याच रंगात लिहायची, म्हणजे ‘लाल’ हा शब्द हिरव्या स्केचपेनने, आणि समोरच्याने शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. दुसऱ्या कागदावर शब्द आणि शाई जुळणारी. दोन्हींना लागणारा वेळ मोजायचा. वर्गातल्या सगळ्यांनी इंग्रजी शब्द घेतले. मला शहाणपण सुचलं, मी मराठी घेतले आणि कॉलनीतली आठ मराठी माणसं गाठली. क्रमांक चार म्हणजे माझे बाबा.

ऑफिसातून आल्यावर हातपाय धुऊन ते टेबलाशी बसले. संमतीपत्रावर झोकात सही केली. जुळणारा कागद एकवीस सेकंदांत संपवला आणि माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. न जुळणाऱ्याला त्रेचाळीस लागले. मध्येच अडखळायचे, ‘नि...’ म्हणून थांबायचे, पुन्हा बोट मागे न्यायचे. आणि माझा धाकटा भाऊ, ज्याला मराठी वाचायचा कंटाळा, तो दोन्ही कागद जवळजवळ सारख्याच वेळात उरकून क्रिकेट खेळायला पळाला.

बाबांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि ऑफिसात अलीकडे त्यांच्याकडून एक फाइल चुकीच्या टेबलावर गेली होती. जेवण झाल्यावर त्यांनी संमतीपत्र मागितलं, सहीवर आडवी रेघ मारली.

“मला काढून टाक त्यातून. डोकं चालेनासं झालंय, ते कॉलेजात कशाला दाखवायचं?”

मला रडू आलं, रागही आला. मी अहवाल अर्धा लिहिला होता. दुसऱ्या दिवशी तो तसाच मॅडमना दाखवला. पद्धतीच्या भागात त्यांनी पहिलीच चूक पकडली: मी सगळ्यांना जुळणारा कागद आधी दिला होता. अर्ध्यांना उलटा क्रम द्यायला हवा होता, नाहीतर दुसऱ्या कागदावर माणूस थकल्याने मंदावला की शब्दामुळे, हे कसं सांगणार? मग निकालाच्या भागात मी लिहिलं होतं की भावाला मराठी धड वाचता येत नाही म्हणून तो अडखळला नाही. त्यावर लाल रेघ. “ये यहाँ नहीं, डिस्कशन में. यहाँ सिर्फ़ जो हुआ वो लिखो. क्यों हुआ, वो बाद में.”

मी बाबांचं विचारलं. त्या म्हणाल्या, आकडा नकोसा आहे म्हणून मी तो काढला तर ती लबाडी. पण सहभागी स्वतः बाहेर पडत असेल तर काढावाच लागेल. मात्र त्याला प्रयोग नीट समजावून सांगितला का?

सांगितला नव्हता. घाईत तेवढंच राहून गेलं होतं.

त्या संध्याकाळी मी चर्चेचा भाग आधी लिहिला आणि बाबांना मराठीत वाचून दाखवला. की भाऊ सोडून सगळ्यांच्याच वेळेत वाढ झाली. की सराईत वाचकाला शब्द दिसला की तो वाचला जातोच, थांबवता येत नाही. एका माणसाच्या वेळेवरून त्याच्या बुद्धीबद्दल काहीही म्हणता येत नाही. आणि क्रमाची चूक प्रयोगकर्तीची आहे.

“म्हणजे तुझी?”

“माझी.”

“अच्छा! मॅडमना सांगितलंस?”

“त्यांनीच पकडली, बाबा. अहवालात मर्यादा म्हणून लिहिलीय.”

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. “म्हणजे मी वाचल्याशिवाय राहू शकत नाही, एवढंच ना? मग ठेव मला. बिल्कुल ठेव. पण त्रेचाळीसच लिही हं, बेचाळीस नाही.”

आणि टेबलावर पडलेलं माझं हिरवं स्केचपेन उचलून त्यांनी खोडलेल्या सहीखाली पुन्हा सही केली. ऑफिसात हिरवी शाई मोठ्या साहेबांची. बाबांनी चौतीस वर्षं निळ्यात सह्या केल्या होत्या. “इथे कोण अडवतंय यार?” म्हणाले आणि स्वतःच हसले.

अहवालात सहभागींची नावं लिहीत नाहीत. तक्त्यात नुसतं चार, एकवीस, त्रेचाळीस असं आहे. मार्क बरे मिळाले, पण किती ते आता आठवत नाही. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते, अशीच, काहीतरी आवरताना.

संमतीपत्र फाइलच्या शेवटी टाचलेलं आहे. मी ते उघडलं आणि आधी त्यांचं नाव वाचलं. शाई हिरवी आहे हे कितीतरी वेळाने दिसलं.