देवमन काकांचा बसलेला आवाज

मी अमरावतीत एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात अकरा वर्षांपासून काम करते. नाव करिश्मा. पेशंटचे केसपेपर काढायचे, दुर्बिणीची नळी धुऊन ठेवायची, घाबरलेल्या माणसाचं डोकं मागून धरायचं, ही माझी कामं. कोण सिगारेटमुळे खोकतं, कोण ॲलर्जीमुळे आणि कोण नुसतं नवऱ्याला ऐकवायला, हे मला बाकावरच्या आवाजावरून कळतं, अशी माझी घमेंड होती. तीन घरं सोडून राहणाऱ्या देवमन काकांनी ती उतरवली.

काका एका कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करतात. सुटीच्या दिवशी पांढरे कपडे घालून निघतात, कारण ते आमच्या भागातले बौद्धाचार्य आहेत. लग्न असो, बारसं असो की कुणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन, काकांनी त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली की स्वयंपाकघरातल्या बायाही हात धुऊन बाहेर येत. माइक लागायचा नाही. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द कळे.

मागच्या वर्षी वीस ऑगस्टला काकांची बायको, आमच्या माया काकू, गेल्या. सकाळी भाजी निवडता निवडता मेंदूत रक्तस्राव झाला आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. काकूंचं पुण्यानुमोदन वस्तीतल्या दुसऱ्या बौद्धाचार्यांनी, पंजाबराव काकांनी केलं, कारण घरातल्या माणसानं त्या दिवशी बसायचं असतं, म्हणायचं नसतं. देवमन काका बसले. आलेल्या माणसांना कुठल्या गाडीनं आले ते विचारलं, चांदूर रेल्वेच्या पाहुण्यांना परतीची वेळ सांगितली. दुसऱ्या आठवड्यात ते कामावर गेले. पंजाबराव काकांना तेवढं म्हणाले, "सगळ्या वस्तीच्या मातीले म्या म्हटलं, तिच्याच येळी गप बसलो. वर्षाचं पुण्यानुमोदन मी सोता करीन."

दिवाळीच्या सुमारास त्यांचं खाकरणं सुरू झालं. नळावर, वाचनालयात, बोलता बोलता. दर दोन वाक्यांमागे 'अंहं' करून घसा साफ करायचे, आणि घशातून निघायचं काहीच नाही. मग कोरडा खोकला आला. मग सकाळचा आवाज घोगरा झाला आणि दुपारपर्यंत तसाच राहू लागला. जानेवारीत अकोल्याच्या एका लग्नात मधेच त्यांचा आवाज फाटला. ते थांबले, पाणी प्यायले, पुन्हा थांबले. मांडवातल्या निम्म्या बायांनी डोळ्याला पदर लावला. "मायाबाईची आठोन आली," कुणीतरी म्हणालं, आणि तेच सगळ्यांनी धरलं.

त्यानंतर गल्लीनं काकांच्या घशाचा ताबा घेतला. शेजारच्या सुंदराबाई रोज सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध पिळून पाठवू लागल्या. कुणी पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणीच आणून दिली. काका ती खिशात घेऊन फिरायचे आणि वंदनेला उभं राहण्याआधी एकावर एक दोन चघळायचे. पण दवाखान्यात जा, असं गल्लीतला एकही जण म्हणाला नाही. बायकोच्या दुःखानं ज्याचा गळा दाटला, त्याला औषध घे कसं म्हणायचं? ते दुःखाचा अपमान केल्यासारखं झालं असतं. आणि सांगायला लाज वाटते, मीही त्यातलीच. आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला तर घसा आतून पाहून घ्यायचा, हे वाक्य मी दिवसातून दहादा पेशंटला ऐकवते. काकांचा आवाज पाच महिने बसलेला होता आणि मी रोज सकाळी भांडी घासत तो ऐकत होते.

मे महिन्यात एका संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून वंदनेचा सराव करत होते. दुसऱ्या ओळीत अडकले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दुसऱ्या ओळीत अडकले. असं सात-आठ वेळा झाल्यावर त्यांनी खुर्ची उचलून आत नेली, आणि माझाच मला राग आला. मी सरळ त्यांच्या दारात गेले.

"काका, उद्या दवाखान्यात या."

"काहून?"

"घसा पाहू."

"संघपालचंबी असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. संघपाल म्हणजे माया काकूंचा भाऊ. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन घशाच्या कॅन्सरनं गेला. काकांनी उभ्या जन्मात खर्रा खाल्ला नाही, तरी पाच महिने ही शंकाही त्यांच्या मनात होती. त्याचं भय होतं का, तर तेही नव्हतं. पंचांगातली तारीख सांगावी तसं ते म्हणाले, "असन तं असन. फक्त ऑगस्टची वीस तारीख निघाली पायजे."

दुसऱ्या दिवशी ते आले. आमच्या डॉक्टर शैला मॅडमनी नाकातून बारीक नळी घालून स्वरयंत्र पाहिलं. मी डोकं धरलं होतं. काकांनी डोळे मिटले नाहीत, हात आवळले नाहीत. असं थंड डोकं मी आजवर धरलेलं नाही. पडद्यावर दिसलं ते त्यांच्याआधी मला कळलं. गाठ नव्हती, फोड नव्हता. स्वरयंत्राचा मागचा भाग तेवढा लाल आणि सुजलेला होता.

"कॅन्सरसारखं काही दिसत नाही," मॅडम म्हणाल्या.

"बरं," काका म्हणाले.

मग मॅडमनी खोदून विचारलं. तंबाखू? नाही. बीपीची गोळी? काही गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो. तीही नाही. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी कॉलेजच्या डॉक्टरनी आधीच करून घेतली होती, दोन्हींत काही निघालं नव्हतं. छातीत जळजळ? आंबट ढेकर? "काईच नाई," काका म्हणाले. "मले ॲसिडिटी नाई, मॅडम. मी गोटे पचवतो."

"तुम्ही पचवता, घसा पचवत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी केसपेपरच्या मागे पोट, अन्ननलिका आणि घसा काढून दाखवला. पोटाच्या तोंडाशी एक झडप असते. ती सैल पडली की पोटातलं आम्ल आणि अन्न पचवणारा रस थोडा थोडा वर येतो. अन्ननलिकेला असल्या पाण्याची थोडीफार सवय असते, ती ते पुन्हा खाली ढकलते, म्हणून जळजळ होतेच असं नाही. पण स्वरयंत्राचं अस्तर नाजूक, त्याला ती सवय नाही. तिथे थेंबभर पोचलं तरी सूज येते, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, खोकला उठतो. ते वाटणं घालवायला आपण खाकरतो. खाकरताना स्वरयंत्राच्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात, आणखी सुजतात, आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं.

"नुसत्या लालीवरून शंभर टक्के सांगता येत नाही," मॅडमनी हेही सांगितलं. "पण बाकीचं सगळं बघून झालंय आणि तुमची लक्षणं जुळतायत. उपचार करून बघू. रात्री किती वाजता जेवता?"

"साडेधा. कधी अकरा."

"आणि झोपता?"

"ताट धुतलं का झोपतो. मंग काय करू जागून?"

"आधीपासून असंच?"

"नाई. ती साडेसातले ताट वाढे. म्या कितीबी म्हटलं, भूक नाई, तरी साडेसातलेच वाढे." पुढे त्यांनी सगळं सांगितलं. काकू गेल्यावर संध्याकाळी घरी आलं की भूक लागत नाही. चार वेळा चहा होतो. मग कधीतरी भाकर, ठेचा, शेजारून आलेलं काही, भरपेट, आणि लगेच सपाट गादीवर आडवं. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. मॅडमनी मात्र पेन खाली ठेवलं.

मॅडमनी सांगितलं ते असं. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा, कारण नुसत्या उशा वाढवून मान वाकते आणि पोट दाबलं जातं. पट्टा सैल. ठेचा आणि चहा कमी. सकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी एक गोळी. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा आणि गिळायचं. लिंबू-पाणी बंद, सुजलेल्या जागेवर आंबट नको. आणि पेपरमिंटची बरणी बंद, कारण पुदिन्यानं तीच झडप आणखी सैल पडू शकते.

"म्हंजे मी गळा बसवायच्याच गोळ्या खात होतो," काका म्हणाले. दुसरं कुणी हसलं असतं. "किती दिवस लागतीन?"

"दोन-तीन महिने. घसा हळूच भरतो."

काकांनी बोटांवर मोजलं. ऑगस्ट बसत होता.

सुंदराबाईंना लिंबू बंद करायला सांगितलं तेव्हा त्या माझ्यावर उखडल्या. "माणूस बायकोच्या दुःखानं खोकून राहिला, अन् तुमी त्याले ॲसिडिटी म्हणता?" मीही कमी नाही, म्हटलं, "मंग साडेसातले ताट पाठवा त्यायले, लिंबापेक्षा." त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी साडेसातला वरण-भाजी-पोळीचं झाकलेलं ताट काकांच्या ओट्यावर गेलं, आणि मग रोज जाऊ लागलं. काका भूक असो नसो, बसायचे आणि जेवायचे. सांगितलं म्हणून गोळी, सांगितलं म्हणून विटा. इतका शहाणा पेशंट आमच्या दवाखान्यात नाही, आणि त्या शहाणपणाचीच मला काळजी वाटायची. पहिला महिना काही फरक नव्हता. जूनअखेर खोकला कमी झाला. जुलैत नळावरचं खाकरणं थांबलं, आणि एका सकाळी मला जाणवलं की गल्ली शांत आहे.

वीस ऑगस्टला वस्तीच्या विहारात माणसं मावली नाहीत. काकूंच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावून काका उभे राहिले. माइक होता, तो त्यांनी बाजूला सरकवला. त्रिसरण, पंचशील, सगळं म्हटलं. कुठे अडकले नाहीत, कुठे थांबले नाहीत. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द गेला. मी रडले. सुंदराबाई रडल्या.

नंतर पंजाबराव काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "देवमनभाऊ, आता सावरले तुमी. आवाजावरून समजते." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. काकांनीही डोलावली.

पंगत बसली तेव्हा मी त्यांचं ताट घेऊन गेले. ते फोटोकडे पाहत होते. अभिनंदनासारखं काहीतरी मी बोलायला लागले, ते त्यांनी ऐकून घेतलं.

"करिश्मा, मले रडू आलंच नाई," ते म्हणाले. "ती गेली त्या दिवशी नाई, अन् आज बी नाई. लोकं म्हणत, याचा गळा दुःखानं दाटला. मलेबी तसंच वाटे. म्हटलं, डोये नाई तं नाई, गळा तरी तिच्यासाठी रडून राहिला." त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि गिळला. "तं ते ॲसिड निघालं."

मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी हात धुतले, पट्टा एक घर सैल केला आणि जेवायला बसले.