कावळा एवढ्या लवकर शिवलाच कसा?

बायांनो, आज संगमनेरला नातीनं बसवलेल्या नाटकाची तालीम बघितली. भाऊ जमिनीसाठी बहिणीला हाकलतो, ती विहिरीत जीव देते. मला रडू आलं, भीतीबी वाटली. असले भाऊ घरोघर हायेत.

शेवटी दहाव्याला भाऊ दोन टिपं गाळतो, लगेच कावळा पिंडाला शिवतो, दिवे उजळतात. माझं रडूच थांबलं.

नात म्हणाली, "आजी, शेवटी लोकांचं मन हलकं व्हायला नको?"

"व्हावं की! पण मेलेलीला शब्द दिल्याबिगर कावळा शिवतो व्हय? भाऊ चूक कबूल करीना, जमीन सोडीना. कावळा काय भाड्यानं आणला?"

उद्या स्पर्धा अन् मी आज खोट काढली, म्हणून नात माझ्यावर फुगलीय. पण शेवट बदललाय तिनं. आता पिंड तसाच, भाऊ वाट बघतोय, अन् पडदा पडतो.

सांगा, तुमी टाळ्या वाजवाल?